टाइल्स लावण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं ते कशासाठी, कसं आणि किती दिवस

प्रश्न: आमचं इंदूरमधलं घर पंचवीस वर्षांचं आहे. पहिल्या मजल्यावरचं बाथरूम गळतं, खाली स्वयंपाकघराच्या छताला ओल येते. टाइल्स आणि खालचा मसाला काढून स्लॅबपर्यंत आलोय. मिस्त्री म्हणतो, आज केमिकल मारतो, उद्यापासून टाइल्स; पाणी भरून ठेवायची गरज नाही, उगाच दिवस वाया जातील. वॉटरप्रूफिंगचा नीट क्रम काय? आणि पाणी भरायचं तर किती आणि किती दिवस?

उत्तर:

उद्या टाइल्स लावू देऊ नका. स्लॅब उघडा झाला आहे, म्हणजे सगळ्यात त्रासाचं काम होऊन गेलंय. आता घाई केली तर तेच काम पुन्हा करावं लागेल, आणि त्या वेळी नव्या टाइल्ससकट.

तुमचा मिस्त्री अगदीच चुकीचं बोलत नाही. बरं केमिकल नीट मारलं तर सपाट भागातून पाणी जात नाही, हे खरं आहे. अडचण अशी की बाथरूम सपाट भागातून सहसा गळतच नाही. बावीस वर्षं मी हे काम करतोय, आणि गळकं बाथरूम उघडलं की दोष बहुतेक वेळा चारच जागी सापडतो: नहाणी ट्रॅपच्या भोवती, कमोडच्या पाइपभोवती, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात, आणि दाराच्या चौकटीच्या पायाशी. केमिकलचा डबा कितीही महाग असला तरी या चार जागा हाताने नीट बुजवाव्या लागतात. आणि त्या बुजल्या का, हे सांगणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे भरून ठेवलेलं पाणी.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून स्लॅब खाली घेतलेला दिसत नाही, नुसता सरळ स्लॅब आणि त्यावर तीन-चार इंच मसाला. फ्लॅटमध्ये असतो तसा खोलगट स्लॅब असेल तर काम दोनदा करायचं असतं: एकदा खड्ड्याच्या तळाला आणि दुसऱ्यांदा भर टाकून वर आल्यावर. पाण्याची चाचणीही दोनदा. दुसरी गोष्ट, स्लॅबवर छिन्नीचा दांडा ठोकत फिरा. कुठे पोकळ आवाज आला, किंवा खालून गंजलेली सळई दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गंजलेल्या स्लॅबवर केमिकल मारून उपयोग नाही, आणि अशा स्लॅबवर पाणी भरून ठेवणंही बरं नाही.

सगळ्यात आधी नळाच्या लाइनचा दाब तपासा. पाणी भरून ठेवण्याने फक्त फरशी तपासली जाते, भिंतीतले पाइप नाही. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे फरशीचं सगळं काम उत्तम झालं, चाचणी पास झाली, आणि तरीही खाली ओल येत राहिली, कारण गीझरच्या लाइनचा एक जोड भिंतीत झिरपत होता. प्लंबरकडे हातपंप आणि मीटर असतो. नळांची तोंडं बंद करून लाइनमध्ये दाब भरायला सांगा आणि दोन तास काटा बघा. काटा उतरला तर फरशीला हात लावण्याआधी तो जोड शोधा.

आता पाइपांच्या जागा. प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला नुसतं टेकतं, धरत नाही. त्यात गरम पाणी गेलं की पाइप थोडा फुगतो, गार झाला की आकसतो. साधा सिमेंट-वाळूचा मसाला सुकताना आकसतोच. म्हणून पाइपाच्या भोवती केसाएवढी फट राहते, आणि ती फट स्लॅबच्या आरपार जाते. तुमच्या स्वयंपाकघराचं पाणी बहुधा याच वाटेने येतंय. उपाय असा: पाइपाभोवतीचा जुना मसाला छिन्नीने काढून दोन सेंटिमीटर खोल खाच करा, पाइपाचा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा, धूळ ब्रशने आणि ओल्या कापडाने पुसा, आणि न आकसणारा ग्राउट भरा. ग्राउटच्या वर पाइपाला लागून अर्धा सेंटिमीटर जागा सोडून तिथे पॉलियुरेथेन सीलंट भरायचा, म्हणजे पाइप हलला तरी तो रबरासारखा त्याच्याबरोबर हलतो. ट्रॅपच्या भोवतीही हेच.

ग्राउट पक्का झाला की मी एक छोटी चाचणी घेतो, आणि ती तुम्हीही घ्या. झाडाभोवती आळं करतो तसं ट्रॅपभोवती मसाल्याचं आळं करायचं, ट्रॅपच्या आत बूच मारायचं आणि आळ्यात पाणी भरून एक दिवस ठेवायचं. कमोडच्या पाइपालाही तसंच. उघडा स्लॅब थोडं पाणी पितो, त्यामुळे पहिले दोन-तीन तास पातळी उतरते, त्याला घाबरू नका, पुन्हा भरा. त्यानंतरही पाणी भराभर उतरत असेल, किंवा खाली पाइपाशी थेंब दिसला, तर ग्राउट पुन्हा. इथे दोष सापडला तर पाव तासात दुरुस्त होतो, म्हणून ही चाचणी मला फार मोलाची वाटते.

यानंतर उतार. पुष्कळ ठिकाणी आधी केमिकल मारतात आणि उतार टाइल्सच्या मसाल्यात काढतात. ते उलट आहे. टाइल्सच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जातंच, ग्राउट कितीही भरा. ते पाणी केमिकलच्या थरावर येऊन थांबतं. तो थरच सपाट असेल तर पाणी तिथेच साचून राहतं, मसाला कायम ओला राहतो आणि काही महिन्यांनी वास यायला लागतो. म्हणून एकास चार मसाल्याचा पक्का थर आधी टाका, दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार ट्रॅपकडे द्या, आणि केमिकल त्याच्यावर मारा. याच वेळी भिंतीच्या कोपऱ्यांत सगळीकडे दीड-दोन इंचांचा गोला काढून घ्या. महाराष्ट्रातले मिस्त्री त्याला वाटा म्हणतात. काटकोनात केमिकलचा थर पातळ बसतो आणि तिथेच चिरतो. गोल कोपऱ्यात तो सारख्या जाडीचा बसतो. हा मसाला चार दिवस तरी ओला ठेवून मग वाळू द्या.

केमिकल म्हणजे बाजारात बरंच काही मिळतं. बाथरूमसाठी मी दोन भागांचं वापरतो: एक सिमेंटसारखी पावडर आणि एक दुधासारखं द्रव. दोन्ही कंपनीने दिलेल्या मापात मिसळायचे, वरून पाणी घालायचं नाही. हे तुमच्यासमोर होऊ द्या, कारण माल घट्ट वाटला की कारीगर पाणी टाकतात आणि तिथेच त्याची ताकद जाते. मारण्याआधी फरशी ओली करून वरचं पाणी पुसून घ्यायचं: हात लावला तर गार लागली पाहिजे, पण पाणी दिसता कामा नये. पहिला थर ब्रशने एका दिशेने. तो ओला असतानाच कोपऱ्यांवर आणि पाइपांभोवती फायबरच्या जाळीची चार-सहा इंची पट्टी दाबून बसवायची. दुसरा थर आडव्या दिशेने. पिशवीवर चार-सहा तासांनी मारा असं लिहिलेलं असतं. मी शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी मारतो. मिळत असतील तर दोन थरांचे रंग वेगळे घ्या, पहिला करडा आणि दुसरा पांढरा. सुटलेली जागा लगेच दिसते.

थर भिंतीवर सगळीकडे एक फूट वर न्या, आणि शॉवरच्या दोन भिंतींवर सहा फुटांपर्यंत. ट्रॅपमध्ये तो तोंडाच्या आत एक इंच उतरला पाहिजे, काठावर थांबता कामा नये.

माल पुरेसा लागला का, हे ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. तुमचं बाथरूम पाच बाय सात फुटांचं धरू. फरशी झाली ३५ चौरस फूट. दार सोडून चारी बाजूंना एक फूट पट्टी, म्हणजे साधारण २२. शॉवरच्या दोन भिंती तीन-तीन फूट रुंद आणि त्या पट्टीच्या वर पाच फूट, म्हणजे ३०. एकूण ८७ चौरस फूट, म्हणजे आठ चौरस मीटर. या प्रकारच्या बहुतेक मालाला दोन थरांत मिळून चौरस मीटरला साधारण दोन किलो लागतात. तुमच्या पिशवीवरचा आकडा वाचून घ्या. म्हणजे सोळा किलोच्या आसपास माल संपला पाहिजे. संध्याकाळी आठ किलो शिल्लक दिसला तर थर पातळ बसलाय, मग वरून तो कितीही गुळगुळीत दिसो.

वाळायला लागणारा वेळ इंदूरच्या हवेवर आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उकाड्यात थर वरून लवकर सुकतो आणि आत कच्चा राहतो, बारीक रेषा पडतात. म्हणून उन्हाळ्यात मी संध्याकाळी काम करतो आणि खिडकीला ओलं पोतं लावतो. पावसाळ्यात उलट, थर ओला-ओला राहतो आणि पाचच्या जागी सात दिवस थांबावं लागतं. या थरावर सिमेंटसारखं पाणी मारत बसू नका, पहिल्या दिवसांत त्याला हवा लागते.

पाच दिवसांनी पाणी भरायचं. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट बूच. कारीगर सहसा ट्रॅपच्या तोंडावर कापड किंवा सिमेंटची पिशवी कोंबतात आणि वरून मसाल्याचा गोळा थापतात. पाणी थांबतं, पण तो गोळा ट्रॅप आणि फरशीचा जोडच झाकून टाकतो. जी जागा तपासायची तिलाच पाणी लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका कामावर हे झालं होतं. तीन दिवस पाणी तसूभर हललं नाही, टाइल्स लागल्या, आणि आठव्या दिवशी खालच्या खोलीत पंख्याजवळ डाग आला. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढल्या तर केमिकलचा थर काठावरच संपलेला. तेव्हापासून बूच मी स्वतः मारतो. बूच पाइपाच्या आत, तोंडापासून निदान तीन-चार इंच खाली बसलं पाहिजे, म्हणजे ट्रॅपचा काठ आणि आतला थर पूर्ण पाण्यात राहतो. प्लंबरच्या दुकानात स्क्रू फिरवला की फुगणारं रबरी बूच मिळतं, ते घ्या.

दुसरी गोष्ट दाराचा बांध. विटांचा बांध चौकटीच्या बाहेरच्या बाजूला घाला, आत नाही. बांध आत घातला तर चौकटीचा पाया आणि उंबरठ्याची जागा कोरडी राहते, आणि पुन्हा तेच: जिथून पाणी जातं ती जागाच चाचणीतून सुटते.

तिसरी, पाणी किती. ट्रॅपपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे फरशी उंच आहे तिथे, अडीच सेंटिमीटर पाणी हवं. ट्रॅपजवळ मग चार-पाच सेंटिमीटर होतं. पाच सेंटिमीटर पाण्याचं वजन चौरस मीटरला पन्नास किलो, धड स्लॅबला ते काहीच नाही. तुमच्या मापाच्या बाथरूमला एकूण दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, दहा बादल्या. नर्मदेच्या पाण्याची वाट बघायची गरज नाही, बोअरिंगचं चालतं.

चौथी गोष्ट मोजमाप, आणि इथे जवळपास सगळेच कमी पडतात. पाणी भरतात, दोन दिवसांनी खाली जाऊन छत बघतात, कोरडं आहे म्हणतात आणि टाइल्स लावतात. तुमच्या बाबतीत तर छत बघून काहीच कळणार नाही. ते आधीच ओलं आहे, आणि ती जुनी ओल सुकायला कित्येक आठवडे लागतील. शिवाय पाणी स्लॅबमधून सरळ खाली येतं असं नाही. ते आडवं सरकत बीमशी, पंख्याच्या हुकाशी, विजेच्या पाइपाशी निघतं, आणि कधी कधी पंधरा दिवसांनी. म्हणून छतापेक्षा पातळीवर विश्वास ठेवा.

पातळी मोजायची अशी. पाणी भरून तीन तास थांबा. मग भिंतीला स्टीलची फूटपट्टी उभी चिकटवा आणि आकडा लिहून ठेवा. त्याच वेळी सरळ काठाचं रुंद पातेलं पाण्याने भरून बाथरूममध्येच पालथ्या बादलीवर ठेवा आणि त्याच्याही आत खूण करा. पातेल्यातलं पाणी फक्त वाफ होऊन कमी होणार आहे. बाथरूममधलं पाणी जेवढं कमी होईल त्यातून पातेल्याची घट वजा करा. उरेल ती गळती. खिडकी-दार बंद ठेवा. अँगल कॉक घट्ट बंद आहेत ना हेही बघा, कारण रात्रभर ठिबकणारा एक नळ गळणाऱ्या पाण्याची भर काढत राहतो आणि पातळी हललीच नाही असं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यातलं एक काम सांगतो, हेच पाच बाय सातचं बाथरूम, जुनं घर. पाणी भरून चोवीस तासांनी पातेल्यात ३ मिलिमीटर घट होती आणि बाथरूममध्ये ११. फरक ८ मिलिमीटर. ऐकायला एवढंसं वाटतं. पण पाच बाय सात म्हणजे सव्वातीन चौरस मीटर, आणि त्यावरचं ८ मिलिमीटर पाणी म्हणजे २६ लिटर. जवळपास दोन बादल्या पाणी एका दिवसात कुठेतरी गेलं होतं. खाली जाऊन बघितलं तर छत कोरडं ठणठणीत. घरच्या काकू म्हणाल्या, "अहो, वाफ झाली असेल, केवढं ऊन आहे." मी त्यांना पातेलं दाखवलं.

गळती कुठे आहे हे शोधायला पाण्याचाच उपयोग होतो. आम्ही पाणी वाढवलं नाही, उतरू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पातळी एका जागी येऊन थांबली आणि त्यानंतर पातेल्याएवढीच उतरायला लागली. याचा अर्थ भोक त्याच उंचीवर आहे, त्याच्या खाली नाही. तिथे पाणी अजून दोन-तीन सेंटिमीटर खोल असलेल्या ट्रॅपला दोष नव्हता, कमोडच्या पाइपालाही नाही. पाण्याची ती रेघ सगळ्या भिंतींवरून बघत आलो तर ती एकाच संशयाच्या जागेला लागत होती: चौकटीचा डावा पाय. जुन्या घरांत लाकडी चौकटीचे पाय फरशीत दोन-तीन इंच गाडलेले असतात. केमिकलचा थर लाकडापर्यंत येऊन थांबला होता, आणि लाकूड आणि मसाला यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. पाणी तिथून बाहेरच्या पॅसेजच्या फरशीखाली जात होतं. पॅसेजमध्ये वाकून बघितलं तेव्हा दाराजवळच्या दोन कोटा फरश्यांचे सांधे बाकीच्यांपेक्षा काळपट दिसले. नुसतं छत बघितलं असतं तर हे बाथरूम पास झालं असतं आणि पावसाळ्यात पॅसेजच्या भिंतीला पापुद्रे सुटले असते.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. चौकटीचे दोन्ही पाय फरशीच्या वर दोन इंच कापले, खालच्या जागेत ग्राउट भरला, उंबरठ्याच्या ग्रॅनाइटच्या पट्टीखाली मसाल्याची छोटी वरंबी करून केमिकलचा थर जाळीसकट तिच्यावरून वर घेतला. पाच दिवस थांबून पुन्हा पाणी भरलं. या वेळी ७२ तासांत पातेल्यात ८ मिलिमीटर घट, बाथरूममध्ये ९. एक मिलिमीटरचा फरक मी वाचण्यातला धरतो. अशा वेळी शंका असेल तर आणखी एक दिवस ठेवतो: गळती असेल तर फरक वाढत जातो, वाचण्यातली चूक असेल तर तो तेवढाच राहतो.

यावरून किती दिवस याचं उत्तर: कमीत कमी ४८ तास, आणि तुमच्यासारख्या आधी गळलेल्या बाथरूमला ७२. चोवीस तासांत मोठं भोक कळतं, बारीक फट कळायला वेळ लागतो.

एक फसवी गोष्ट राहिली. कधी पातळी उतरते आणि दोष फरशीत नसून बुचात असतो. ते तपासायला त्या ट्रॅपचा पाइप खाली जिथे चेंबरमध्ये उघडतो तिथे बघा. दुसरं कोणी पाणी वापरत नसताना त्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर बूच बदला आणि मोजणी पहिल्यापासून करा.

दिवसांचा हिशेब मिस्त्रीला असा सांगा: दाब, सफाई, पाइपांचं ग्राउट आणि आळ्याची चाचणी यांना तीन दिवस, उताराचा मसाला आणि त्याचं पाणी यांना पाच, केमिकलला दोन, वाळायला पाच, पाण्याचे तीन. अठरा दिवस होतात, पण कारीगराची हजेरी त्यातल्या पाच-सहाच दिवसांची आहे. मधल्या दिवसांत तो दुसरीकडे काम करू शकतो. हे आधी बोलून घेतलं की त्याचीही कुरकुर राहत नाही, कारण रिकामं बसावं लागेल हीच त्याची खरी काळजी असते.

पाणी काढलं की लगेच टाइल्स सुरू करा, तो थर उघडा ठेवू नका. त्यावर घमेलं ओढलं, शिडी घासली, कोणी छिन्नी चालवली की सगळी मेहनत जाते. जाड मसाल्याऐवजी टाइल अॅडहेसिव्ह वापरता आलं तर बरं, खाली पाणी धरून ठेवणारा थर उरत नाही. ट्रॅपची जाळी बसवताना भोवती मसाला गच्च भरू देऊ नका. टाइल्सखालचं पाणी थरावरून वाहत येऊन ट्रॅपमध्ये पडतं ती वाट तिथेच बंद होते. टाइल्स लागल्यावर डाग काढायला तेजाब आणला तर परत पाठवा, सांध्यांचं ग्राउट त्याने खाल्लं जातं.

आणि कमोड बसवायचा दिवस घरीच थांबा. प्लंबर जमिनीवरच्या कमोडसाठी चार भोकं मारतो, आणि ड्रिलचं टोक टाइल, मसाला आणि केमिकलचा थर पार करून स्लॅबमध्ये जातं. पाण्याची चाचणी त्याआधीच झालेली असते, त्यामुळे ही चार भोकं कोणीच तपासत नाही. शक्य असेल तर भिंतीवर टांगायचा कमोड घ्या. जमिनीवरचाच हवा असेल तर आधी टाइल आणि मसाला मिळून किती जाडी झाली ते मोजून ड्रिलवर त्याहून कमी अंतरावर टेप गुंडाळा, तेवढ्याच लांबीचे स्क्रू आणा, आणि प्रत्येक भोकात सीलंट भरूनच स्क्रू पिळायला सांगा.